आईच्या पायांची खाज: क्रीम कोणतं, किती आणि कधी

प्रश्न: डॉक्टर, माझी आई 77 वर्षांची आहे. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर साखर आटोक्यात असते. दिवाळीपासून पायांना आणि पाठीला भयंकर खाज सुटते. रात्री खाजवून खाजवून नडग्यांवर रक्त येतं. जंतुनाशक साबण, कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ, खोबरेल, सगळं करून झालं. मेडिकलवाल्याने 50 ग्रॅमची मॉइश्चरायझरची ट्यूब दिली होती, ती दोन महिने लावतेय, काही फरक नाही. दुकानात 150 रुपयांपासून 1500 रुपयांपर्यंत क्रीम आहेत. नेमकं कोणतं क्रीम आणि कोणता साबण घेऊ? (पुणे)

उत्तर:

50 ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरली, इथेच पहिली चूक सापडते. तुमच्या आईला ते क्रीम लागलंच नाही असं म्हटलं तरी चालेल. मी पंचवीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते आणि हिवाळ्यात रोज एक तरी असे आजी-आजोबा येतात. नातेवाईक पिशवीतून चार-पाच अर्धवट ट्यूबा काढून टेबलावर मांडतात आणि म्हणतात, "कशानेच फरक पडत नाही." बहुतेक वेळा त्यांतल्या एखाद-दुसऱ्या ट्यूबने फरक पडला असता. ती पुरेशी लावली गेली नाही, किंवा लावायची वेळ चुकली.

आधी हिशेब सांगते, कारण त्यावरच बाकीचं उभं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढली, तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. तेवढ्यात तुमच्या दोन तळहातांएवढी कातडी झाकली जाते. एका पायाला, पाऊल धरून, अशा आठ रेघा लागतात. म्हणजे दोन्ही पायांना 8 ग्रॅम. दोन्ही हातांना 4 आणि पाठीला साडेतीन. एका वेळचे झाले 15 ग्रॅमच्या वर आणि दोन वेळचे 30. तुमची ट्यूब दोन दिवसही पुरायला नको होती. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "सगळ्यात चांगलं कोणतं" असा नसावा. "400-500 ग्रॅमचा डबा किंवा पंपाची बाटली परवडेल अशी कोणती आहे" असा असावा. सुरुवातीला तो डबा पंधरा दिवसांत संपेल. 1500 रुपयांची छोटी ट्यूब आणली की माणूस नकळत हात आखडता घेतो आणि आईला पुन्हा बोटभर क्रीम लागतं.

आता या वयात कातडीचं काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे काय घ्यायचं आणि काय टाळायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यातल्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचं लिंपण असतं, आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. सारवलेली जमीन आठवून बघा. सारवण ताजं असेपर्यंत जमीन एकसंध राहते, सारवणं थांबलं की आधी पोपडे सुटतात आणि मग भेगा पडतात. म्हातारपणी हे लिंपण कमी तयार होतं, तेलग्रंथींचं तेलही घटतं आणि पाणी धरून ठेवणारे कातडीतले नैसर्गिक घटकही कमी होतात. त्यात पुण्यातली हिवाळ्याची कोरडी हवा. नडगीवर तर तेलग्रंथी मुळातच कमी, त्यामुळे सुरुवात बहुतेक तिथूनच होते. वरचा थर तडकला की खालच्या नसा उघड्या पडल्यासारख्या होतात आणि साध्या कपड्याच्या स्पर्शानेही खाज सुटते. मग नखं लागतात, थर आणखी फाटतो आणि खाज वाढते.

साबण नेमकं हे लिंपणच धुऊन नेतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 5 च्या आसपास असतो. साध्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो. तरुण कातडी आंघोळीनंतर काही तासांत पूर्ववत होते, पण 77 वर्षांच्या कातडीला त्याला बराच जास्त वेळ लागतो. रोज साबण लावला तर ती पूर्ववत व्हायच्या आत पुढची आंघोळ येते. जंतुनाशक साबण आणि बादलीत टोपणभर जंतुनाशक टाकणं यांनी तर नुकसानच होतं. आईच्या खाजेमागे जंतू नाहीत, कोरडेपणा आहे. कडुनिंबाच्या पाण्याने कोरडेपणा जात नाही, आणि पाला उकळलेलं ते पाणी आपण सहसा कढतच घेतो, म्हणून त्याचाही तोटा होतो. बेसन, उटणं, मुलतानी माती हे सगळं तेल शोषून घेणारं आहे. दिवाळीच्या पहाटे आधी तेल चोळून मग उटणं लावायची आपली रीत ठीक आहे, पण तेल न लावता रोज बेसन लावलं तर कातडी आणखी कोरडी पडते.

मग साबणाऐवजी काय? ज्याला सौम्य क्लेन्झर म्हणतात ते. दिसायला वडीच असते, पण त्यात साबण नसतो, किंवा पंपाच्या बाटलीतलं दुधासारखं द्रव असतं. ओळखायची खूण वेष्टणाच्या मागच्या बारीक अक्षरांत आहे. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट किंवा सोडियम टॅलोएट दिसलं, तर तो साबणच. मग पुढे दूध, मध, कोरफड काहीही लिहिलेलं असो. सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट पहिल्या क्रमांकावर असेल तर ती बिनसाबणाची वडी. द्रवात सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या दोन-तीन नावांत नसावं. पारदर्शक ग्लिसरीन साबणाबद्दल घरोघरी विश्वास असतो. तो नेहमीच्या साबणापेक्षा थोडा बरा असला, तरी शेवटी साबणच आहे. आणखी एक गैरसमज टीएफएमचा. आपल्याकडे 76 टक्के टीएफएम असलेला साबण पहिल्या श्रेणीचा मानतात, पण त्या आकड्यावरून साबणात मेदाम्लं किती आहेत एवढंच कळतं. सामू त्यावरून कळत नाही. पहिल्या श्रेणीचा साबणही अल्कधर्मीच असतो.

खरं सांगायचं तर क्लेन्झर कोणता यापेक्षा तो कुठे लावता याला मी जास्त महत्त्व देते. काखा, जांघा आणि पावलं, एवढ्याच तीन जागी रोज लावा. पाय, हात, पाठ, पोट यांना नुसतं पाणी पुरतं. घरात बसणाऱ्या माणसाच्या नडगीवर मळ तो किती असणार? हे सांगितलं की आजी माझ्याकडे अविश्वासाने बघतात, साबणाशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही म्हणतात. त्यांना मी सांगते, वास हवा तर काखेत लावा, पण पायांना हात लावू नका.

आंघोळीचं पाणी कोमट हवं, कोपर बुडवल्यावर गरम न वाटणारं. हे सगळ्यात कठीण जातं. कढत पाणी अंगावर घेतलं की खाज तेवढ्यापुरती शमते, फार बरं वाटतं, म्हणून माणूस आणखी गरम घेतो. अर्ध्या-एक तासात खाज दुपटीने परत येते. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी. वजरी, काथ्या, घोसाळ्याची जाळी न्हाणीतून काढूनच टाका, समोर असली की हात जातोच. टर्किश टॉवेलऐवजी जुना मऊ पंचा घ्या आणि अंग पुसू नका, टिपा.

आता वेळ. टिपून झाल्यावर कातडी किंचित ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, क्रीम लागलं पाहिजे. मॉइश्चरायझर स्वतः फारसं पाणी घालत नाही. कातडीने आंघोळीत जे पाणी घेतलं ते अडवून ठेवण्याचं काम ते करतं. आई आंघोळ करून, साडी नेसून, पूजा आटोपून, चहा घेऊन मग लावत असेल, तर तोपर्यंत पाणी उडून गेलेलं असतं. म्हणून डबा कपाटात नको, न्हाणीच्या दाराशी हवा. दुसरी वेळ झोपण्यापूर्वी. तेव्हा आंघोळ नसते, म्हणून ओला पंचा पिळून पायांवरून फिरवा आणि लगेच लावा.

काय लावायचं? दुकानातल्या शंभर नावांमागे मुळात तीन प्रकारची कामं आहेत. ग्लिसरीन, युरिया हे पाणी खेचून धरतात. पॅराफिन आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालतात. आणि सिरॅमाइडसारखे काही पदार्थ लिंपणाची भर घालतात. आईसारख्या कातडीला पहिली दोन कामं नक्की हवीत, तिसरं परवडलं तर घ्यावं. पांढरं मऊ पॅराफिन आणि पातळ द्रव पॅराफिन असलेलं साधं क्रीम औषधाच्या दुकानात सहज मिळतं. त्याच्या वेष्टणावर बहुधा 13.2 आणि 10.2 टक्के असे आकडे असतात. त्यात ग्लिसरीनही असेल तर उत्तम. हे सकाळी, कारण ते कपड्यांना फार चिकटत नाही. रात्री नडग्यांवर आणि टाचांवर साधी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. ती स्वस्त आहे आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. नुसतं लोशन मात्र या अवस्थेत कमी पडतं. त्यात पाणी जास्त, स्निग्धता कमी. पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात कातडी बरी असताना ते चालेल.

महागडी सिरॅमाइडची क्रीम वाईट नाहीत. काहींना ती लावायला फार आवडतात, आणि आवडतं म्हणून रोज लावलं जातं, हा त्यांचा खरा फायदा. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या साडेपाचशे मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली होती, 2022 साली तिचे निष्कर्ष छापून आले. चारही प्रकारांत परिणामाचा म्हणावा असा फरक निघाला नाही. ती मुलं होती, आपल्यासमोर वृद्ध आहेत, म्हणून ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण लावणाऱ्याला जमेल आणि रुचेल ते घ्यावं, हे माझ्या दवाखान्यातही रोज दिसतं. एका गोष्टीला मात्र मी ठाम नाही म्हणते: सुगंध. चंदन, गुलाब, लव्हेंडर, "हर्बल", काहीही असो. फाटलेल्या कातडीतून सुगंधी द्रव्यं आत शिरतात आणि ॲलर्जी जडते. वेष्टणावर "फ्रॅग्रन्स फ्री" असे शब्द शोधा. "अनसेन्टेड" म्हणजे तेच नव्हे. त्यात कधीकधी मूळ वास झाकायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं.

खोबरेलाबद्दल विचारायचंच राहिलंय तुमचं, पण मनात असेल. खोबरेल चांगलं आहे. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या कातडीवर खोबरेल आणि द्रव पॅराफिन यांची तुलना झाली, दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. आपल्याकडे चूक होते ती क्रमाची: आंघोळीआधी तेल आणि मग साबणाने ते धुऊन टाकणं. तेल आंघोळीनंतर, ओल्या अंगावर लावा, मग बघा. नडग्यांना एवढ्या भेगा असताना मात्र नुसतं तेल पुरणार नाही. ऑलिव्ह तेल आणून ठेवलं असेल तर ते स्वयंपाकात वापरा. ते कातडीचं लिंपण उलट सैल करतं. कोकणातून कोणी कोकमाचं तेल आणलं असेल, तर टाचांच्या भेगांना रात्री कोमट करून जरूर लावा. ते घट्ट असतं आणि छान झाकण घालतं.

आईला मधुमेह आहे म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगते. युरियाची क्रीम कोरड्या कातडीला फार चांगली, 5 ते 10 टक्क्यांची पायांना, 20-25 टक्क्यांची जाड टाचांना. पण खाजवून रक्त आलेल्या जागी युरिया सणकून झोंबतो, आणि एकदा झोंबलं की आई पुन्हा कशालाच हात लावू देणार नाही. पहिले दोन आठवडे साधं पॅराफिनचं क्रीम आणि जेली, ओरखडे भरले की मग 10 टक्के युरिया. टाचेला खोल भेग असेल, त्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर तिथे घरी काही न करता आधी दाखवून घ्या. ब्लेडने किंवा वजरीने टाचा साफ करणं मधुमेहात पूर्ण बंद. दुसरं, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत क्रीम अजिबात घालू नका. तिथे ओल साचते, कातडी पांढरी पडते आणि बुरशी धरते. त्या जागा कोरड्याच ठेवा, आणि क्रीम लावताना रोज तळपायावर एक नजर टाका. कितीतरी जखमा मला अशाच वेळेवर कळल्या आहेत.

एक उदाहरण सांगते. दोन हिवाळ्यांपूर्वी सिन्नरकडचे एक आजोबा आले, 82 वर्षांचे. बंबातलं वाफाळतं पाणी, लाल साबण आणि पाय घासायला खरबरीत दगड, हा साठ वर्षांचा नेम. दोन्ही नडग्यांवर कातडी तडकून आडव्या-उभ्या लाल रेषा उमटल्या होत्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाशी दिसतात तशा. मी नखाने नडगीवर हलकी रेघ ओढली. पाटीवर खडू ओढावा तशी पांढरी रेघ उठली आणि भुसा खाली पडला. हा नुसता कोरडेपणा राहिला नव्हता, त्यावर इसब झालं होतं. म्हणून मी त्यांना फक्त लाल रेषांवर लावायला स्टिरॉइडचं मलम मोजून दहा दिवस दिलं. बाकी सगळं हेच, वर सांगितलेलं.

पहिल्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. क्रीम लावलं की धोतर चिकटतं म्हणून आजोबा पुसून टाकतात. वेळापत्रक बदललं. सकाळी पातळसर क्रीम, तेही लावून दहा मिनिटं लुंगीवर उन्हात बसायचं, आणि जेली फक्त रात्री, वरून जुना सुती पायजमा. हे जमलं. दुसऱ्या आठवड्यात मांड्यांवर बारीक पिवळ्या डोक्याच्या पुळ्या आल्या. तपासलं तेव्हा कळलं की सूनबाई जेली मालिशसारखी खालून वर जोरात चोळत होत्या आणि वर जाड गोधडी. केसांच्या मुळांत जेली कोंडली गेली होती. क्रीम कधीही केस ज्या दिशेला झुकलेले असतात त्या दिशेने, म्हणजे पायांवर वरून खाली, हलक्या हाताने पसरायचं. चोळायचं नाही, जिरवत बसायचं नाही. वर थोडी चकाकी राहिली पाहिजे. मांड्यांची जेली बंद केली, तिथे फक्त क्रीम ठेवलं, आठ दिवसांत पुळ्या गेल्या. चौथ्या आठवड्यात आजोबा आले तेव्हा नखाची रेघ उठली नाही. त्या महिन्यात त्यांना 450 ग्रॅमचे दोन डबे लागले होते. पुढे दिवसातून एकदा पुरलं.

डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढून घ्या. पाठीला आईचा हात पोचत नाही, तिथे कोणीतरी लावून द्यायला हवं. एकट्या राहणाऱ्यांची पाठ नेहमी राहूनच जाते आणि सगळी खाज तिथे साठते. लोकरी स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती पोलकं किंवा बनियन. नखं दर आठवड्याला कापा. खाज असह्य झाली की खाजवण्याऐवजी क्रीम लावायचं किंवा ओला गार पंचा दोन मिनिटं ठेवायचा. क्रीमची छोटी बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर रात्री तिचा फार उपयोग होतो.

दोन धोके घरात बजावून ठेवा. पहिला घसरण्याचा. तेल किंवा जेली लावून ओल्या फरशीवर पाऊल टाकलं की या वयात मांडीचं हाड मोडतं. आईला स्टुलावर बसवून लावा, तळपायांना शेवटी, आणि मोजे घालूनच उठू द्या. दुसरा आगीचा, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. क्रीम, जेली, तेल कपड्यांत मुरत जातं आणि असा कापड ठिणगी पडताच भराभर पेटतो. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. 2018 साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी यावर जाहीर इशारा दिला होता. तिकडे विडी-सिगारेटचा धोका जास्त, आपल्याकडे निरांजन, समई आणि गॅस. आईने क्रीम लावून लगेच पूजेला बसू नये, आरती करताना पदर खोचलेला असावा, आणि रात्रीच्या जेलीचा गाऊन घालून सकाळचा चहा ठेवू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हे कोरडेपणाच आहे ना? वर सांगितलेलं नीट, पूर्ण मात्रेत तीन आठवडे केलं आणि खाज निम्मीही झाली नाही, तर क्रीम बदलत बसू नका, तपासून घ्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती बारीक पुरळ असेल, खाज रात्रीच वाढत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती खरूज असू शकते. म्हाताऱ्या माणसांत ती फार वेळा कोरडेपणा समजून सोडून दिली जाते. लाल चट्टे उठून त्यावर घट्ट, पाण्याने भरलेले फोड आले तर त्याच आठवड्यात दाखवा. कातडी दिसायला साफ, कोरडीही नाही आणि तरी सर्वांगाला खाज, विशेषतः वजन कमी होत असेल किंवा डोळे पिवळे वाटत असतील, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्त तपासावं लागतं. आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्याही, कातडी कोरडी करू शकतात किंवा पुरळ उठवू शकतात. पण मनाने एकही गोळी बंद करू नका.

मेडिकलमधून दोन गोष्टी कृपा करून आणू नका. एक, खाजेची झोप आणणारी गोळी. कोरडेपणाच्या खाजेवर तिचा उपयोग नगण्य. या वयात मात्र तिने गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडते, आणि रात्री उठताना तोल जातो. दोन, "सगळ्यावर चालतं" म्हणून मिळणारं मिश्र मलम, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. चार दिवस छान वाटतं, मग कातडी कागदासारखी पातळ होते. आणि खरोखर गजकर्ण असेल तर ते दबून आतल्या आत पसरतं, नंतर मला ओळखायलाही अवघड जातं. जांघेत किंवा कमरेला कडा उठलेले गोल चट्टे असतील, तर तिथे मॉइश्चरायझरही लावू नका, आधी दाखवा.

तुम्ही उद्या एवढंच आणा: बिनसाबणाची बिनवासाची वडी, पॅराफिन-ग्लिसरीनच्या क्रीमचा मोठा डबा आणि पांढरी पेट्रोलियम जेली. डब्यावर आजची तारीख पेनने लिहा. पंधरा दिवसांनी त्यात निम्म्याहून जास्त उरलं असेल तर मात्रा कमी पडतेय. आंघोळीनंतर दहा मिनिटांनी आईला विचारा, पाय ताणल्यासारखे वाटतात का. वाटत असतील तर पाणी अजून गरम आहे किंवा साबण अजून नडग्यांपर्यंत पोचतोय. आणि दर रविवारी, क्रीम लावायच्या आधी, ओरखडा नसलेल्या जागी नडगीवर नखाने अगदी हलकी रेघ ओढून बघा. सलग दोन रविवार पांढरी रेघ उठली नाही की संध्याकाळचं लावणं कमी केलं तरी चालेल, सकाळचं मात्र होळीपर्यंत ठेवा.